एक फेब्रुवारी, तीन शब्द

मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे देशाचे पंतप्रधान झालेल्या मोरारजींच्या वाट्याला जन्मतारखेचा पहिला वाढदिवस आला तो थेट १९०४ साली, वयाच्या आठव्या वर्षी. चार वर्षांनी, म्हणजे १९०० मध्ये, तो यायला हवा होता असे कुणालाही वाटेल. पण १९०० च्या फेब्रुवारीला २८ च दिवस होते. १० एप्रिल १९९५ ला त्यांचे निधन झाले. तोवर किती वेळा २९ फेब्रुवारी उगवली, हे संगणकाला विचारायचे ठरवले आणि ‘चारने भाग जाणारे वर्ष म्हणजे लीप’ एवढेच त्याला सांगितले, तर तो २४ असे उत्तर देईल. खरे उत्तर २३ आहे.

शाळेत सगळ्यांनी लीप वर्षाचा नियम शिकलेला असतो. तरीही प्रोग्रामिंगच्या पहिल्या महिन्यात तो एका ओळीत लिहायला सांगितला की वर्गातली बरीच मुले अडखळतात. गणित त्यांना येत असते. अडचण असते ती मराठी वाक्यातले ‘पण’, ‘मात्र’, ‘आणि’ हे शब्द संगणकाच्या तीन शब्दांत बसवण्याची. संगणकाजवळ अटी जोडायला `and`, `or` आणि `not` एवढेच आहेत.

आधी नियम पाहू. पृथ्वीचे ऋतुचक्र सुमारे ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांत पूर्ण होते. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला की वर्ष सरासरी ३६५ दिवस ६ तासांचे होते, म्हणजे दरवर्षी जवळजवळ ११ मिनिटे जास्त. ही मिनिटे शतकानुशतके साचत गेली आणि १५८२ पर्यंत दिनदर्शिका ऋतूंपासून दहा दिवस सरकली. त्या वर्षी पोप तेराव्या ग्रेगरीने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणली आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून दर ४०० वर्षांत तीन लीप दिवस कमी केले. कोणते तीन? शतकाची वर्षे सामान्य, पण ज्या शतक वर्षाला ४०० ने भाग जातो ते लीप. म्हणून १७००, १८००, १९०० गळाली आणि १६००, २००० राहिली.

मराठीत हाच नियम कुणीही असा सांगेल: “४ ने भाग जाणारी वर्षे लीप असतात, पण १०० ने भाग जाणारी नसतात, आणि ४०० ने भाग जाणारी मात्र असतात.” वाक्य स्वच्छ आहे, ऐकणाऱ्याला कळते. आता नवशिका ते जसेच्या तसे कोडमध्ये उतरवतो. `%` ही खूण भागाकाराची बाकी देते, `== 0` म्हणजे बाकी शून्य, `!= 0` म्हणजे शून्य नाही:

```
y % 4 == 0 and y % 100 != 0 and y % 400 == 0
```

ही अट कोणत्याही वर्षासाठी खरी ठरत नाही. २०२४ नाही, २००० नाही, एकही नाही. कारण तिन्ही गोष्टी एकाच वर्षाला एकाच वेळी लागू व्हाव्यात असे ती म्हणते. ज्याला ४०० ने भाग जातो त्याला १०० ने जातोच, मग ‘१०० ने जात नाही’ आणि ‘४०० ने जातो’ हे दोन्ही एकत्र खरे होणार कसे?

चूक ‘आणि’ या शब्दात आहे. मराठीत ‘आणि’ दोन कामे करतो. ‘उंच आणि गोरा मुलगा’ म्हणताना एकाच मुलात दोन्ही गुण हवे असतात. ‘पुण्याचे आणि नाशिकचे पाहुणे आले’ म्हणताना मात्र प्रत्येक पाहुणा दोन्ही गावचा असावा असे कुणी धरत नाही. तिथे दोन गट एकत्र केलेले असतात. संगणकाचा `and` फक्त पहिल्या अर्थाचा. दुसऱ्या अर्थासाठी त्याच्याकडे `or` आहे: पुण्याचा किंवा नाशिकचा असेल तर तो पाहुणा आलेल्यांत धरायचा. लीप वर्षाच्या वाक्यातला शेवटचा ‘आणि’ हा पाहुण्यांच्या वाक्यातला आहे, तो एक नवा गट आत घेतो. म्हणून तिथे `or` हवा. आणि ‘पण’ काय करतो? तो आधीच्या गटातून काही जण बाहेर काढतो. संगणकाच्या भाषेत त्याचे दोन शब्द होतात, `and not`.

एवढे लक्षात आले की ओळ आपोआप तयार होते:

```
(y % 4 == 0 and not (y % 100 == 0)) or y % 400 == 0
```

तपासण्यासाठी शंभर वर्षे घालून बघायची गरज नाही. विचारायचे प्रश्न तीन, प्रत्येकाची उत्तरे दोन, म्हणजे वरवर आठ शक्यता. पण ४०० ने भाग गेला की १०० ने जातो आणि १०० ने गेला की ४ ने जातो, त्यामुळे प्रत्यक्षात चारच प्रकारची वर्षे असतात. प्रत्येक प्रकाराचे एक वर्ष घेतले की पुरे. २०२३ ला ४ ने भाग जात नाही, कंस खोटा, ४०० नेही जात नाही: सामान्य. २०२४ ला ४ ने जातो, १०० ने नाही, कंस खरा: लीप. १९०० ला ४ ने जातो खरा, पण १०० नेही जात असल्याने कंस खोटा होतो, आणि ४०० ने भाग गेल्यावर बाकी ३०० उरते: सामान्य. २००० मध्ये कंस खोटाच, मात्र `or` पुढची अट खरी आहे आणि `or` ला एक बाजू खरी असली तरी चालते: लीप.

कंस काढले तर? शाळेत कंचेभागुबेव शिकवतात, आधी कंस सोडवा, बेरीज-वजाबाकी शेवटी. तसाच क्रम इथेही आहे. पायथनमध्ये आधी `not`, मग `and`, शेवटी `or`. म्हणून कंसाशिवायही ओळ बरोबर चालते. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की कंस चुकीच्या जागी घातला तरी इथे उत्तर बरोबरच येते:

```
y % 4 == 0 and (not (y % 100 == 0) or y % 400 == 0)
```

दोन्ही ओळींत फरक पडायला असे वर्ष हवे ज्याला ४०० ने भाग जातो आणि ४ ने जात नाही. असे वर्षच नसते. इथे चूक झाकते ती संख्यांच्या नात्यामुळे, तर्काने ती माफ केलेली नाही. हीच रचना दुसरीकडे नेली की फरक लगेच दिसतो. ‘रविवार आहे आणि पाऊस नाही, किंवा सुट्टी आहे, तर ट्रेकला जायचे.’ सुट्टीचा बुधवार आहे आणि मुसळधार पाऊस पडतो आहे असे समजा. कंस पहिल्या दोन अटींना असेल तर निघायचे, मागच्या दोन अटींना असेल तर घरी बसायचे. म्हणून कंस न लागणाऱ्या ठिकाणीही तो लिहावा. वाचणाऱ्याला अर्थ लावत बसावे लागत नाही.

`not` चा सापळा आणखी बारीक आहे. पायथनमध्ये `not y % 100 == 0` असे लिहिले तर आधी बाकी काढली जाते, मग तुलना होते आणि शेवटी उलट होते. हवे तेच. सी भाषेत ‘नाही’ साठी `!` वापरतात आणि ती खूण शेजारच्या गोष्टीला सगळ्यात आधी चिकटते:

```
(y % 4 == 0 && !y % 100 == 0) || y % 400 == 0
```

इथे `!` फक्त `y` ला लागते. शून्याखेरीज कोणत्याही संख्येचे `!` शून्य, शून्याला १०० ने भागून बाकी शून्य, आणि शून्य म्हणजे शून्य हे खरेच. म्हणजे शतकाची अट प्रत्येक वर्षाला ‘खरे’ म्हणत राहते आणि नियम पुन्हा ‘चारने भाग जातो’ एवढाच उरतो. ही चूक सहज सापडत नाही, कारण १९०१ ते २०९९ या सगळ्या वर्षांत चारचा नियम एकटाही बरोबर उत्तर देतो. २००० सालीही तो बरोबर होता. त्या वर्षी चुकले असते ते शतकाची अट लक्षात ठेवून ४०० ची विसरणारे.

म्हणून चाचणीत १९०० आणि २१०० ही वर्षे हवीतच. शिवाय एक सोपी मोजणी आहे. सलग ४०० वर्षांत लीप वर्षे ९७ भरली पाहिजेत:

```
def leap(y):
    return (y % 4 == 0 and not (y % 100 == 0)) or y % 400 == 0

sum(leap(y) for y in range(2001, 2401))
```

उत्तर १०० आले तर शतकाची अट चालत नाही. ९६ आले तर ४०० ची अट राहून गेली. ० आले तर ‘आणि’ ने घात केला.

१९०० ची चूक जगातल्या लाखो संगणकांवर आजही आहे. एक्सेलच्या रकान्यात ६० लिहून त्याला तारखेचे रूप दिले की २९ फेब्रुवारी १९०० दिसते, जो दिवस कधी उगवलाच नाही. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्राममध्ये १९०० हे लीप धरलेले होते. त्यातल्या फायली बिनचूक उघडाव्यात म्हणून एक्सेलने ते तसेच ठेवले. परिणाम असा की १ जानेवारी १९०० चा वार एक्सेल रविवार सांगते, प्रत्यक्षात तो सोमवार होता. १ मार्च १९०० पासून पुढचे वार मात्र बरोबर येतात.

भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेला याच ओळीचा आधार आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र शके १८७९ ला, ती अमलात आली. तिच्यात लीप ठरवताना शकाचा आकडा थेट तपासत नाहीत. त्यात ७८ मिळवायचे आणि येणाऱ्या इसवी सनाला हाच नियम लावायचा. शके १९४६ मध्ये ७८ मिळवले की २०२४. ते लीप, म्हणून त्या वर्षीचा चैत्र ३१ दिवसांचा होता आणि २२ ऐवजी २१ मार्चला सुरू झाला. कुणी घाईत `shake % 4 == 0` लिहिले तर १९४६ हातातून जाईल, कारण त्याची बाकी दोन उरते, आणि १९४४ विनाकारण लीप ठरेल. बरोबर ओळ अशी:

```
y = shake + 78
(y % 4 == 0 and not (y % 100 == 0)) or y % 400 == 0
```

शके २०२२ साठी ही ओळ ‘खोटे’ म्हणेल. ते वर्ष इसवी सन २१०० चे. त्या साली चैत्र ३० दिवसांचा असेल आणि २२ मार्चला सुरू होईल.