सूटवरचा ओव्हरकोट खांद्यावर बघून घ्या

पुण्या-मुंबईहून लंडनला नोकरीसाठी जाणारे अनेकजण पहिल्या हिवाळ्यात ओव्हरकोट घेतात आणि ‘आत सूट येणार’ म्हणून एक माप मोठा उचलतात. हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. सूटवर घालायच्या ओव्हरकोटावर ४० लिहिलेलं असेल, तर ज्याला ४० चं जॅकेट बसतं त्याच्यासाठी तो बेतलेला असतो. आतल्या जॅकेटसाठी लागणारा सैलपणा त्यात आधीच धरलेला असतो. आपण आणखी एक माप वाढवलं की तोच सैलपणा दुसऱ्यांदा मिळतो. मात्र फक्त स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येणारे कोट बरेचदा स्वेटरवर घालायच्या बेताने शिवलेले असतात. त्यांच्यावर हा नियम डोळे झाकून लावू नये.

म्हणून दुकानात नेहमीचं जॅकेट घालूनच जावं. समजा, तुमचं जॅकेट ४० चं आहे. आधी ४० चाच ओव्हरकोट चढवा, बटणं लावा आणि आरशात खांदे बघा. बाही जिथे जोडली आहे ती शिवण जॅकेटच्या खांद्याच्या टोकावर किंवा त्याच्या जेमतेम अर्धा इंच बाहेर यायला हवी. ती आत राहिली, तर जॅकेटचा खांदा बाहीच्या वरच्या भागात उंचवट्यासारखा दिसतो आणि हात पुढे नेताना पाठ आवळते. मग ४२ चा घालून बघा. याउलट शिवण दंडावर उतरली आणि तिच्याखाली खळगा पडला, तर कोट मोठा आहे. रॅगलन बाहीच्या कोटाला खांद्यावर अशी शिवणच नसते. तिथे पाठीवरचा ताण आणि बटणापाशी पडणाऱ्या चुण्या बघाव्या लागतात.

खांदा जमला की उंची बघा. ओव्हरकोटाखालून जॅकेटची कड डोकावता कामा नये. साधारण पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाचं जॅकेट पाठीवर २९-३० इंच भरतं. गुडघ्याच्या आसपास येणारा, ४०-४२ इंचांचा कोट ते सहज झाकतो आणि वाऱ्यात मांड्याही उबदार राहतात. मांडीच्या वरच्या भागापर्यंतच येणारा आखूड कोट सूटवर घेऊ नये. हात खाली सोडल्यावर बाहीने जॅकेटसह शर्टाचा कफही झाकला पाहिजे.

यातल्या काही चुका शिंप्याकडे सुधारतात. बाही आणि उंची कमी करता येते. उंची वाढवणं मात्र खालच्या दुमडीत किती माया ठेवली आहे त्यावर अवलंबून असतं. खांदा बदलायचा तर बाही, कॉलर आणि अस्तर उसवावं लागतं आणि त्याची मजुरी सहसा परवडत नाही. त्यामुळे बाही लांब असेल तर कोट घ्या, पण खांदा चुकला असेल तर निम्म्या किमतीतही घेऊ नका.