पाळी कुठलीही असो, गोळी दोनला

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पहिली पाळी सकाळी सातला लागते, दुसरी दुपारी तीनला, तिसरी रात्री अकराला. दर आठवड्याला पाळी बदलते आणि तिच्याबरोबर माणसाची झोप, जेवण, चहा, सगळंच बदलतं. मोल्डिंगवर काम करणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थांना २०१८च्या डिसेंबरमध्ये मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्रॅम लिहून दिलं. पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, नंतर १०. चिठ्ठीवर ‘दिवसातून एकदा, जेवणानंतर’ एवढंच होतं. घरच्यांनी ती झोपेची गोळी समजून रात्रीच्या जेवणानंतर सुरू केली. आठवडाभरात ते पहाटे तीनपर्यंत टक्क जागे राहू लागले.

या गोळीने झोप येते की उडते, हे आधी छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. एस्सिटॅलोप्रॅम आणि सर्ट्रालिन या गोळ्यांनी बऱ्याच जणांची झोप कमी होते, म्हणून त्या सहसा सकाळी देतात. पण काहींना त्यांनीच दिवसभर पेंग येते. त्यांना रात्रीची वेळ बरी पडते. मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलीन यांनी हमखास गुंगी येते, त्या रात्रीच्याच. गोळी लागू पडण्याच्या दृष्टीने सकाळ आणि रात्र सारखीच. वेळ ठरते ती त्रास कधी होतो त्यावरून, आणि ते कळायला पहिले दोन आठवडे लागतात. मळमळही याच काळात होते. पोटात चार घास असले की ती कमी राहते आणि बहुतेकांची पुढे आपोआप थांबते.

डॉक्टरांनी मोल्डरांना गोळी सकाळी घ्यायला सांगितली. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीत ते जमलं. तिसऱ्या पाळीत पुन्हा घोटाळा झाला, कारण सकाळी साडेसातला ते घरी येत, न्याहारीनंतर गोळी घेत आणि लगेच झोपायला जात. घड्याळात सकाळ असली तरी त्यांच्या शरीराची ती रात्र होती. मग डॉक्टरांनी कागदावर तिन्ही पाळ्या एकाखाली एक मांडल्या आणि प्रत्येक पाळीतली झोपेची वेळ पेन्सिलने रंगवली. तिन्हींत जागेपणी येणारी, पोट भरलेलं असणारी आणि पुढच्या झोपेपासून लांब असणारी वेळ एकच निघाली, दुपारी दोन. दुसऱ्या पाळीला निघण्याआधीचं जेवण दोनला. तिसऱ्या पाळीचा माणूस दीडला उठून जेवतो, तेही दोनच्या सुमारास. पहिल्या पाळीत मात्र घरी यायला साडेतीन वाजत.

“दीड तास उशीर चालतो का?” त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “या गोळीला चालतो.”

त्या ‘या’मध्ये बरंच काही आहे. प्रत्येक औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला ठराविक काळ लागतो. एस्सिटॅलोप्रॅमला सुमारे ३० तास लागतात. त्यामुळे चोवीस तासांनी पुढची गोळी पोटात जाते तेव्हा आधीचं औषध निम्म्याहून जास्त शिल्लक असतं आणि दीड तासाने त्यात नजरेत भरण्याजोगा फरक पडत नाही. व्हेन्लाफॅक्सिनचं तसं नाही. ते स्वतः पाच तासांत निम्मं होतं आणि शरीरात त्यापासून बनणारं सक्रिय रूप अकरा तासांत. म्हणूनच ते हळूहळू सुटणाऱ्या कॅप्सूलमध्ये देतात, आणि सकाळची कॅप्सूल राहिली तर कित्येकांना संध्याकाळपर्यंत गरगरायला लागतं. दुसऱ्या टोकाला फ्लुओक्सेटिन. ते आणि त्याचं रूपांतर शरीरातून जायला काही आठवडे घेतात, एखादा दिवस हुकला तर पत्ताही लागत नाही. गोळीच्या वेळेबाबत किती काटेकोर राहायचं, हे गोळीच्या नावावर ठरतं. शेजाऱ्याचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही.

राहिलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर तेव्हाच घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम कधीही घ्यायच्या नाहीत.

दुपारी दोनचा हिशेब सात महिने बिनबोभाट चालला. मोल्डर जेवणाच्या डब्यातल्या छोट्या खणात दोन गोळ्या ठेवत. त्यांची झोप परत आली, भूक परत आली, पोरांच्या अभ्यासावर ओरडणंही परत आलं, असं त्यांची पत्नी सांगते.

मग २०१९चा ऑगस्ट उजाडला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि आजूबाजूची गावं पाण्यात गेली, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. मोल्डरांचं गाव नदीकाठचंच. रविवारी, ४ तारखेला, दुपारी त्यांनी नेहमीसारखी गोळी घेतली. ५ तारखेला पहिला श्रावणी सोमवार आणि नागपंचमी एकाच दिवशी आली होती. उपवास, जेवण नाही, म्हणून गोळी नाही. रात्री उपवास सोडल्यावर घेऊ म्हणाले, पण रात्र जनावरं सोडवण्यात गेली. मंगळवारी नावेतून बाहेर पडताना पाकीट आणि चिठ्ठी दोन्ही देवळीतच राहिली.

रविवारी दोनला रक्तात जे प्रमाण होतं ते शंभर धरलं, तर तीस तासांच्या हिशेबाने सोमवारी दोनला सुमारे ५७ उरतं, मंगळवारी ३३, बुधवारी १९. मोल्डरांना त्रास सुरू झाला तो बुधवारी सकाळी. शहरातल्या एका मंगल कार्यालयात गावकऱ्यांची सोय केली होती. उठताना त्यांना भोवळ आली. अंगाला घाम, मळमळ, रात्री भडक स्वप्नं, आणि एक गोष्ट जी त्यांना कुणाला नीट सांगता येईना.

“डोळं फिरवलं की डोक्यात करंट बसल्यागत व्हतंय,” ते पत्नीला म्हणाले. “चर्रकन येतंय आन् जातंय.”

“पुराच्या धास्तीनं झालंय,” ती म्हणाली. आसपासच्या सगळ्यांचंही तेच मत पडलं. घर बुडालेल्या माणसाला चक्कर आली तर दुसरं कुणाच्या मनात काय येणार?

छावणीत तपासायला आलेल्या डॉक्टरांनी बी.पी. पाहिलं आणि विचारलं, “कुठली गोळी चालू आहे का?” चारचौघांत ‘डोक्याची गोळी’ म्हणायला जीभ रेटली नाही. ते “नाही” म्हणाले आणि उलटीची गोळी घेऊन परत आले. गुरुवारी, शुक्रवारी ते रडवेले झाले, लहानसहान गोष्टीवर भडकू लागले. आजार उलटला अशी आता पत्नीचीही खात्री पटली. शुक्रवारी रात्री तिने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं.

आजार उलटणं आणि गोळी अचानक तुटल्याने होणारा त्रास यांत गल्लत होते, कारण चिडचिड, रडू, निद्रानाश दोन्हीकडे असतात. ओळखायच्या खुणा मात्र वेगळ्या आहेत. गोळी तुटल्याचा त्रास बहुधा दोन ते चार दिवसांत उभा राहतो, आजार परतायला सहसा आठवडे-महिने लागतात. भोवळ, मळमळ, फ्लूसारखी कणकण आणि तो विजेचा झटका या शरीराच्या तक्रारी आहेत, मूळ नैराश्यात त्या नव्हत्या. आणि तीच गोळी परत दिली की हा त्रास एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत ओसरतो. मूळ आजार इतक्या लवकर कधीच हटत नाही. छावणीतल्या डॉक्टरांनी यातल्या पहिल्या दोन खुणा ताडल्या. नेहमीच्या मानसोपचारतज्ज्ञांशी फोनवर बोलून त्यांनी चिठ्ठी लिहिली, शहरातल्या मेडिकलमधून गोळी आणली गेली. शनिवारी दुपारी पहिली गोळी, रविवारी भोवळ कमी, सोमवारी झटके बंद.

मोल्डरांना नंतर सर्वांत जास्त डाचलं ते हे, की याचा अर्थ आपल्याला गोळीचं व्यसन लागलंय का? डॉक्टरांनी त्यावर वेळ दिला. व्यसनात माणसाला ओढ लागते, मात्रा वाढवत न्यावी लागते. इथे दोन्ही नाही. मेंदूतले पेशींचे जोड महिनोन् महिने वाढलेल्या सेरोटोनिनशी जुळवून घेतात आणि ते एकाएकी घटलं की त्यांना सावरायला वेळ लागतो. हे सगळ्यांनाच होतं असंही नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. खरी गोळी थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला होता, पण नुसती साखरेची गोळी थांबवलेल्यांतही १७ टक्क्यांना झाला होता. म्हणजे निव्वळ औषधापायी होणारा त्रास सहा-सात जणांत एकाला. तीव्र त्रास त्याहून पुष्कळ कमी जणांना.

गोळी बंद करायची वेळ दिवाळीनंतर आली. पावसाळ्यात नको, असं डॉक्टरांनीच ठरवलं होतं. नोव्हेंबरात १० वरून ५ मिलिग्रॅम, महिनाभर. नंतर ५ची अर्धी गोळी, आणखी महिनाभर. दोन्ही पायऱ्या सहज गेल्या. अर्धीवरून शून्यावर येताच चौथ्या दिवशी झटके परतले. एवढीशी अर्धी गोळी, तिने काय होणार, असं मोल्डरांना वाटलं होतं आणि बहुतेकांना तसंच वाटतं.

त्याचं गणित उलटं आहे. मेंदूत सेरोटोनिन परत ओढून घेणारे जे वाहक असतात, त्यांतले किती औषधाने अडवले जातात हे मात्रेच्या प्रमाणात बदलत नाही. १० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के अडतात. मात्रा निम्मी करून ५ केली तरी ७०च्या आसपास राहतात, अडीचला ६०च्या. म्हणजे पहिल्या दोन्ही पायऱ्यांना दहा-दहा टक्क्यांची घट झाली, आणि शेवटच्या एका उडीत उरलेले साठ. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या लंडनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये याच आधारावर सुचवलं, की मात्रा जितकी लहान होत जाईल तितकी घटही लहान ठेवावी. एक दिवसाआड गोळी घेणं हा आपल्याकडचा आवडता उपाय मात्र इथे फसतो. दोन दिवसांत प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि पुन्हा वर चढतं, शरीराला रोज नवा हेलकावा बसतो.

डॉक्टरांनी त्यांना पुन्हा अर्धीवर नेलं. दोन आठवडे थांबून पाव गोळी सुरू केली. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गोळी कापायच्या डबीने पत्नी पाव तुकडे करत असे. ते अगदी सारखे होत नाहीत, पण या गोळीला एवढी तफावत सोसते. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलला हे करता येत नाही. आतले दाणे पोटातल्या आम्लापासून वाचवणाऱ्या थराचे असतात, ते चिरडले की औषध वाया जातं. तिथे कमी मात्रेची कॅप्सूल डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावी लागते.

फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस पाव गोळीही थांबली. दोन दिवस किंचित भोवळ आली आणि गेली. भट्टीजवळचं काम त्यांनी त्या आठवड्यात मुकादमाला सांगून बदलून घेतलं होतं, कारण वितळलेल्या लोखंडाशेजारी भोवळ म्हणजे काय हे फाउंड्रीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा डॉक्टर दर महिन्याला फोनवर झोप, भूक आणि कामातलं लक्ष विचारत राहिले. आजार परतायचा तर गोळी थांबल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत परतण्याची भीती जास्त असते. जीव नकोसा वाटू लागला तर फोनची वाट न पाहता यायचं, हे पत्नीलाही बजावलेलं होतं. आता अशा वेळी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे, तो २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू झाला आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

पत्नीने चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये काढून ठेवला आहे. २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगा पुन्हा चढली आणि शिरोलीचा महामार्ग पुन्हा बंद झाला. तोवर तिच्या सासूबाईंना बी.पी.ची गोळी लागली होती. या वेळी कुटुंब बाहेर पडलं ते पंधरा दिवसांची पाकिटं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.