चाकावर अर्धं, थापीखाली पूर्ण

निवेदन: माती लीद आणि राख घालून तुडवलेली आहे. कुंभारदादा गोळा चाकाच्या मधोमध बसवतात. अंगठा आत जातो, भिंत वर चढते. गळा आणि काठ इथेच पक्के होतात.

पडद्यावर: आधी काठ, बूड नंतर!

निवेदन: दोऱ्याने कापून उतरवलेलं हे मडकं नीट बघा. भिंत जाड आहे, बूड उघडंच आहे. ते थोडं सुकू देतात. मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकतात. भिंत पातळ होत जाते, पोट फुगतं, बूड मिटतं.

पडद्यावर: फार ओलं असलं तर बसतं, फार सुकलं तर तडकतं.

निवेदन: आव्यात लीद जळून बारीक छिद्रं उरतात. त्यांतून पाझरलेलं पाणी वाऱ्याने सुकतं, म्हणून आतलं गार होतं.

पडद्यावर: बाहेरून तेलरंग लावला की गारवा गेला!