विमानाचे माइल्स : डबा एकच ठेवा

मागच्या महिन्यात आपण पासपोर्ट आणि व्हिसाच्या कागदांबद्दल बोललो. त्यानंतर आमच्या गटातल्या एक काकू केंद्रावर आल्या आणि त्यांनी टेबलावर तीन पावत्या ठेवल्या. त्यांची मुलगी शिकागोला असते. मुलीच्या बाळंतपणासाठी २०२१ च्या अखेरीला, नातवाच्या आजारपणात २०२३ मध्ये आणि गेल्या खेपेला, २०२५ मध्ये, नुसत्या भेटीला अशा तीन वेळा काकू अमेरिकेला जाऊन आल्या. "इतक्या लांब तीनदा गेले, आले. मुलगी म्हणते, आई, तुझे माइल्स साठले असतील. आहेत का बघा गं," असं त्या म्हणाल्या.

आम्ही पाहिलं. हाताला जवळजवळ काहीच लागलं नाही. का लागलं नाही, हे आज सांगणार आहोत. कारण परदेशी मुलाबाळांकडे जाणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणींचं असंच होतं.

आधी माइल्स म्हणजे काय ते बघू. विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशांसाठी एक खातं ठेवतात. त्याला फ्रीक्वेंट फ्लायर कार्यक्रम म्हणतात. खातं फुकट उघडता येतं. प्रवास केला की त्यात माइल्स किंवा पॉइंट्स जमा होतात आणि पुरेसे साठले की त्यावर तिकीट काढता येतं. मात्र एका कार्यक्रमातले माइल्स दुसऱ्या कार्यक्रमात सहसा हलवता येत नाहीत. चार बँकांत चारशे-चारशे रुपये पडले असतील तर ते काढून एकत्र करता येतात. माइल्सचं तसं नाही. ज्या डब्यात पडले, त्याच डब्यात राहतात.

पण डबा कुठला, हे आपल्याला ठरवता येतं, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. ज्या कंपनीचं विमान, तिच्याच खात्यात माइल्स टाकले पाहिजेत असं नाही. विमान कंपन्यांचे मोठे गट आहेत. स्टार अलायन्स हा त्यातला एक, १९९७ साली सुरू झालेला. एअर इंडिया त्यात २०१४ मध्ये आली. लुफ्थान्सा, स्विस, टर्किश, सिंगापूर एअरलाइन्स, अमेरिकेची युनायटेड या सगळ्या त्याच गटात आहेत. वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात कतार एअरवेज, ब्रिटिश एअरवेज अशा कंपन्या आहेत. स्कायटीम या तिसऱ्या गटात एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा वगैरे. गटातल्या एका कंपनीच्या विमानात बसून माइल्स त्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात टाकता येतात. एक प्रवास मात्र एकाच खात्यात जातो, दोन्हीकडे नाही.

आता काकूंच्या तीन पावत्या घेऊ. पहिल्या खेपेला त्या युरोपात विमान बदलून गेल्या. एजंटाने त्या कंपनीचं खातं उघडून दिलं आणि माइल्स जमाही झाले. पण तीन वर्षांनी ते संपले. दुसऱ्या खेपेला वेगळी कंपनी होती. त्या वेळी तिकिटावर कुठलाच सदस्य क्रमांक घातला नव्हता, म्हणून काहीच जमा झालं नाही, आणि मागाहून मागण्याची मुदतही उलटून गेली. तिसऱ्या खेपेला स्वस्त पडलं म्हणून आखाती कंपनीचं तिकीट काढलं. ती कंपनी कुठल्याच गटात नव्हती, तेव्हा ते माइल्स तिसऱ्याच खात्यात जाऊन बसले आणि अजून तिथेच आहेत. एकट्याने ते कशालाच पुरत नाहीत. हळहळ वाटण्याची गोष्ट अशी, की पहिल्या दोन कंपन्या एकाच गटातल्या होत्या. त्या दोन खेपांचे माइल्स एका खात्यात सहज पडले असते.

थेंबे थेंबे तळे साचे हे खरं, पण तळं गळकं नको. म्हणून खातं निवडताना आम्ही सगळ्यात आधी विचारतो, की इथले माइल्स संपतात कसे. याचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येक खेपेच्या माइल्सवर स्वतंत्र तारीख असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये साधारण तीन वर्षं मिळतात. त्यानंतर नवीन प्रवास केला तरी जुने माइल्स वाचत नाहीत. दुसऱ्या प्रकारात खात्यात काही हालचाल झाली की सगळ्या माइल्सची मुदत पुढे सरकते. कतार आणि ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिऑसचं असं आहे. छत्तीस महिन्यांत एकदा तरी खात्यात काही जमा किंवा खर्च व्हायला हवं. तिसऱ्या प्रकारात मुदतच नाही. युनायटेडच्या माइलेजप्लसने २०१९ मध्ये माइल्स संपणं बंद केलं. डेल्टाच्या स्कायमाइल्सनाही मुदत नाही.

वर्षातून चार वेळा विमानात बसणाऱ्या माणसाला पहिला प्रकारही चालतो. तो तीन वर्षांत साठवतो आणि खर्चून टाकतो. दोन-तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्या आपल्या काकूंना तो अजिबात चालत नाही. पहिल्या खेपेचे माइल्स तिसरी खेप होण्याआधीच मरतात. म्हणून आम्ही त्यांना सुचवलं, की गट तोच ठेवा, पण खातं युनायटेडमध्ये उघडा. युनायटेडच्या विमानात त्या कधी बसल्या नाहीत तरी बिघडत नाही. लुफ्थान्साने जा, एअर इंडियाने जा, माइल्स तिथे पडू देत. खर्च करतानाही युनायटेडच्या माइल्सवर गटातल्या दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं काढता येतात, अगदी एअर इंडियाची देशातलीसुद्धा.

याला आणखी एक कारण होतं. शिकागो हा युनायटेडचा मोठा तळ आहे आणि काकूंची मुलगी-जावई तिथल्या तिथे याच कंपनीने फिरतात. २०२४ पासून युनायटेडने पाच जणांपर्यंत माइल्स एकत्र करण्याची सोय केली आहे. प्रत्येकाचं खातं वेगळंच असतं, कारण आईच्या प्रवासाचे माइल्स मुलीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. पण आपल्या खात्यातून सामायिक साठ्यात टाकता येतात. एक जण त्या साठ्याचा प्रमुख असतो. घरात हे काम कुणाकडे द्यायचं हे आधी बोलून ठरवा.

आता किती माइल्स मिळतात ते पाहू. समजा काकू मुंबईहून फ्रँकफर्ट आणि तिथून शिकागो असं लुफ्थान्साने, लुफ्थान्सानेच काढलेल्या तिकिटावर गेल्या आणि तसंच परत आल्या. एका बाजूचं अंतर सुमारे ८,४०० मैल, दोन्ही बाजूंचं १६,८००. तेवढे सगळे माइल्स मिळतील असं समजू नका. ई-तिकिटावर 'क्लास'पुढे एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. साध्या वर्गाच्या तिकिटांचीसुद्धा अशी दहा-बारा अक्षरं असतात, आणि तिकीट जितकं स्वस्त, तितकी त्या अक्षराची टक्केवारी कमी. त्या अक्षराला शंभर टक्के असतील तर १६,८०० माइल्स, पन्नास असतील तर ८,४००, आणि पंचवीस असतील तर फक्त ४,२००. काही अगदी स्वस्त तिकिटांवर काहीच मिळत नाही. ज्या कार्यक्रमात खातं आहे, त्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक भागीदार कंपनीचा असा तक्ता असतो. तिकीट काढण्याआधी त्यात आपलं अक्षर शोधा.

तक्ता बघताना विमान कोणाचं आहे तेही बघा. तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक असतो आणि खाली बारीक अक्षरात 'Operated by' लिहून दुसरीचं नाव असतं. बहुतेक वेळा भागीदाराच्या माइल्सचा हिशेब प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीवरून होतो. ती गटाबाहेरची निघाली तर त्या टप्प्याचे माइल्स हुकू शकतात.

खातं उघडताना नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने घाला. आपल्याकडे इथेच गडबड होते. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव असतं, खात्यात फक्त स्वतःचं घातलेलं असतं, किंवा आडनाव माहेरचं राहून गेलेलं असतं. तिकीट आणि खात्यातलं नाव जुळलं नाही, तर माइल्स लटकतात.

तिकीट काढताना 'Frequent flyer' असा एक रकाना येतो. त्यात आधी कार्यक्रमाचं नाव निवडायचं, मग क्रमांक घालायचा. एजंट तिकीट काढत असेल तर त्याला हे दोन्ही लिहून द्या, कारण तो सवयीने त्याच कंपनीचा कार्यक्रम निवडतो. विमानतळावर बोर्डिंग पास हातात पडला की तिथल्या तिथे वाचा. त्यावर तुमचा क्रमांक आणि पुढे कार्यक्रमाची खूण असते. युनायटेडची खूण UA. ती नसेल किंवा दुसरीच असेल तर काउंटरवर लगेच बदलून घ्या. विमानात बसल्यावर ते काम अवघड होतं.

परत आल्यावर बोर्डिंग पास फेकू नका. दोन-तीन आठवड्यांनी खातं उघडून पाहा. जमा नसेल तर संकेतस्थळावर राहिलेले माइल्स मागण्याचा अर्ज असतो. त्याला ई-तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक आणि बोर्डिंग पास लागतो. ही मुदत काही ठिकाणी सहा महिने, काही ठिकाणी वर्षाची असते. काकूंची दुसरी खेप याच दारात अडकली.

शेवटी खरं तेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेच्या एका बाजूच्या तिकिटाला बहुतेक कार्यक्रमांत काही दहा हजार माइल्स लागतात, आणि कर वरून रोख द्यावे लागतात. पन्नास टक्क्यांच्या तिकिटावर दर खेपेला ८,४०० मिळत असतील, तर काकूंच्या एकटीच्या माइल्सवर ते तिकीट लवकर निघणार नाही. मुलीच्या साठ्यात टाकले तर कामी येतील, नाहीतर देशातल्या एखाद्या प्रवासाला. म्हणून माइल्ससाठी पाच-दहा हजार रुपये जास्त देऊन तिकीट घेऊ नका. आखाती कंपनी खरंच खूप स्वस्त पडत असेल तर खुशाल तिने जा. भाड्यात सारखंच पडत असेल, तेव्हाच आपल्या गटातली कंपनी निवडा. हे नियम कंपन्या मधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी मुदतीचं पान पुन्हा एकदा वाचा.

काकूंनी आमच्याच समोर खातं उघडलं. क्रमांक पासपोर्टच्या पाकिटात आतल्या बाजूला, ठळक अक्षरांत लिहून ठेवला, आणि मुलीला फोनवर म्हणाल्या, "पुढच्या वेळी तिकीट कुणीही काढा, नंबर हाच घालायचा." तुमच्या घरी जुनी तिकिटं असतील तर ती काढून बघा. सहा महिन्यांच्या आतली असतील तर अजून वेळ गेलेली नाही. आज इथेच थांबतो. नमस्कार.