सिट-अपमध्ये पोट किती, जांघ किती?

अग्निवीर वायूच्या शारीरिक चाचणीत मुलांना १.६ किलोमीटर अंतर सात मिनिटांत धावावं लागतं. त्यानंतर एका मिनिटात दहा पुश-अप, एका मिनिटात दहा सिट-अप आणि एका मिनिटात वीस उठाबशा. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडची भरतीची तयारी करणारी पोरं म्हणूनच पहाटे मैदानावर जोड्या करून सिट-अप मारतात. एकानं पाय दाबून धरायचे, दुसऱ्यानं उठून छाती गुडघ्यांना भिडवायची. याच जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांसाठी असलेल्या खेलो इंडियाच्या चाचणीत मात्र ‘पार्शल कर्ल-अप’ असतो. गुडघे वाकवून पाठीवर निजायचं, हात अंगाशी सरळ ठेवायचे आणि बोटं जेमतेम सहा इंच पुढे जातील एवढेच खांदे उचलायचे. जिममध्ये ज्याला क्रंच म्हणतात, त्याचाच हा भाऊ. दोन्हींना लोक ‘पोटाची ताकद’ म्हणतात, पण दोन्हींत मोजलं जातं ते एक नाही.

पूर्ण सिट-अप म्हणजे पोटाचा पूर्ण व्यायाम आणि क्रंच म्हणजे अर्धामुर्धा, हा सगळ्यात पक्का बसलेला समज आहे. तो का चुकतो, हे स्नायू कुठून कुठे जातो ते पाहिलं की कळतं. पोटावर उभ्या पट्ट्यासारखा दिसणारा रेक्टस अ‍ॅब्डोमिनिस वर पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चांना आणि खाली जांघेच्या मधोमध असलेल्या प्यूबिक हाडाला जोडलेला असतो. मांडीच्या हाडाला त्याचा कुठेही स्पर्श नाही. त्यामुळे तो बरगड्या आणि ओटीपोट जवळ आणू शकतो, म्हणजे पाठीचा कणा वाकवू शकतो. धड मांडीकडे ओढणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

ते काम हिप फ्लेक्सर करतात. त्यांतला मुख्य स्नायू सोआस. तो कमरेच्या मणक्यांपासून निघतो, ओटीपोटाच्या आतून खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला जोडला जातो. त्याच्या जोडीला इलियाकस आणि मांडीच्या पुढचा रेक्टस फेमोरिस असतो. चालताना, पायरी चढताना मांडी वर उचलतात तेच हे स्नायू. पाय मोकळे असले की ते मांडी धडाकडे आणतात, पाय दाबून धरले की तेच धड मांडीकडे खेचतात.

हे स्वतःच्या अंगावर तपासता येतं. गुडघे वाकवून पाठीवर निजा, जोडीदाराला पाय धरायला सांगा. एका हाताची बोटं बेंबीच्या बाजूला ठेवा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कमरेच्या पुढच्या टोकदार हाडाच्या लगेच खाली. आता अगदी सावकाश उठा. डोकं आणि खांदे सुटताच पोट दगडासारखं होतं. पाठीचे फरे जमिनीवरून पूर्ण उचलले जाईपर्यंत, म्हणजे साधारण ३० अंशांपर्यंत, कणा वाकवण्याचं बहुतेक काम पोट करून टाकतं. तिथून पुढे अंगठ्याखालच्या कंडरा ताणलेल्या दोरीसारख्या वर येतात. उरलेला सगळा टप्पा जांघेच्या सांध्यातून होतो. पोट सैल पडत नाही, पण ते फक्त वाकलेला कणा तसाच धरून ठेवतं. क्रंच नेमका या वळणावर थांबतो, म्हणून त्याला अर्धवट म्हणणं बरोबर नाही.

पाय कुणी धरले नाहीत तर काय होतं, हेही करून बघा. पाय लांब सोडून निजा आणि झटका न देता उठा. धड पायांपेक्षा जड असल्यामुळे अनेकांचे पायच आधी वर येतात. हिप फ्लेक्सर दोन्ही टोकांना ओढतात आणि हलकं टोक आधी हलतं.

हिप फ्लेक्सरच्या या ओढीवर तोडगा म्हणून गुडघे वाकवायला सांगतात आणि त्यानं सोआस ‘बंद’ होतो, असं कारण देतात. १९९८ साली कॅनडात स्टुअर्ट मॅकगिल यांच्या गटानं थेट सोआसमध्ये इलेक्ट्रोड घालून हे मोजलं. गुडघे सरळ असोत की वाकलेले, सिट-अपमध्ये सोआसचं काम लक्षात येण्याइतकं कमी झालं नाही. धड तेवढंच जड आणि ते उचलायचंही तेवढंच, मग काम कमी कसं होणार? टाच जमिनीत रुतवली की सोआस शिथिल होतो, हा दुसरा उपायही त्याच मोजणीत टिकला नाही. कर्ल-अपमध्ये मात्र सोआस कमाल क्षमतेच्या दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमीच राबत होता.

कमरेवर येणारा दाबही याच गटानं काढला. एका पूर्ण सिट-अपमध्ये कमरेच्या मणक्यांवर सुमारे ३,३०० न्यूटन दाब येतो, म्हणजे तीनशे किलोच्या वरचं ओझं. क्रंचसारख्या कर्ल-अपमध्ये तो २,००० न्यूटनच्या आसपास असतो. सोआस मणक्यांनाच जोडलेला असल्यामुळे तो धड ओढताना मणके एकमेकांवर दाबतो. निरोगी माणसाची कंबर दहा सिट-अपनी मोडत नाही, त्यामुळे सिट-अपला विष ठरवणंही मला पटत नाही. पण ज्याची गादी सरकलेली आहे किंवा वाकताना कळ पायात उतरते, त्यानं ते करू नयेत.

पहाटे मैदानावर येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रात्रभर निजल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात आणि उठल्यावरच्या पहिल्या तासात वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. अंथरुणातून उठून थेट सिट-अपला बसू नये. आधी धावणं उरकावं, चाचणीतही क्रम तोच आहे.

मग पोटाचे स्नायू दिवसभर करतात तरी काय? बहुतेक वेळ ते काही वाकवत नाहीत, वाकू देत नाहीत. सोळा लिटरचा भरलेला फवारणी पंप पाठीवर घेतला की तो धड मागे ओढतो. कंबर मागे मोडू नये म्हणून पोटाचा पुढचा भाग आवळतो. उजव्या हातात पाण्यानं भरलेली बादली घेतली की धड उजवीकडे कलू नये म्हणून डाव्या कुशीतले तिरके स्नायू घट्ट होतात. जोर मारताना कंबर खाली झुकत नाही, तीही याच स्नायूंमुळे. खोकताना, शिंकताना, जड पोतं उचलताना श्वास कोंडला जातो तेव्हा सगळ्यात आतला आडवा स्नायू पोट चहूबाजूंनी आवळून कण्याला आधार देतो. हे सगळं काम धड न हलवता होतं, आणि सिट-अप मोजणाऱ्याच्या गणतीत ते येत नाही.

‘खालच्या पोटासाठी’ पाय वर उचलायला सांगतात, तिथेही हाच घोळ आहे. पाय उचलतात हिप फ्लेक्सर. पोटानं तेवढ्यात कंबर जमिनीला टेकवून धरायची असते. कमरेखाली तळहात सरकवून पाय सावकाश खाली आणा. ज्या क्षणी तळहातावरचा दाब सुटतो, त्या क्षणी पोट हरलेलं असतं आणि पुढचा प्रत्येक इंच कंबर सोसते. तिथेच थांबून पाय परत वर घ्यावेत.

भरतीसाठी सिट-अपचा सराव सिट-अपनंच होईल, कारण चाचणीत तेच मोजतात. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस, मोजक्या आणि झटक्याविना. दुसऱ्या दिवशी पोट न दुखता फक्त जांघ आणि मांडीचा पुढचा भाग दुखत असेल, किंवा उठताना हनुवटी पुढे काढून कंबर ताठ राहत असेल, तर पोट पहिल्या टप्प्यातच कमी पडतंय. अशा मुलानं काही आठवडे सिट-अप कमी करून सावकाश क्रंच, कंबर न झुकवता प्लँक आणि एका हातात बादली घेऊन सरळ चालणं, एवढंच करावं. मग पुन्हा अंगठा जांघेवर ठेवून पहिला सिट-अप तपासावा.