तराजू कोणाच्या हातात?

‘माझा त्याच्यावर जितका जीव आहे, तितका त्याचा माझ्यावर नाही.’ टॅरो रीडरपुढे बसणाऱ्या अनेकांचं हेच गाऱ्हाणं असतं, आणि प्रश्नही ठरलेला असतो : ‘त्याचं माझ्यावर खरंच प्रेम आहे का?’ अनुभवी रीडर हा प्रश्न जसाच्या तसा घेत नाही. हो किंवा नाही एवढंच उत्तर मागणाऱ्या प्रश्नावर पत्ते फार काही बोलत नाहीत. म्हणून ती प्रश्न बदलून घेते : ‘आम्हा दोघांत देणंघेणं कसं चाललंय?’

त्यासाठी सात पत्त्यांची मांडणी सोयीची पडते. डावीकडे विचारणाऱ्याचे तीन पत्ते, उजवीकडे जोडीदाराचे तीन आणि मध्ये एक. वरच्या ओळीत मनात काय आहे, मधल्या ओळीत प्रत्यक्षात काय दिलं जातं, खालच्या ओळीत काय हवंय. मधला पत्ता नात्याच्या तोलाचा. वाचायचं ते आडवं, ओळीओळीनं. एका बाजूचे तीन पत्ते आधी वाचून टाकले की निकाल तिथेच लागतो आणि दुसरी बाजू आरोपी होऊन बसते.

एक उदाहरण घेऊ. पत्ते १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट संचातले. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. विचारणारी बाई आहे, लग्नाला काही वर्षं झालेली.

वरच्या ओळीत तिच्या बाजूला ‘क्वीन ऑफ कप्स’ आला आणि नवऱ्याच्या बाजूला ‘फोर ऑफ कप्स’. कप्स म्हणजे भावनांचे पत्ते, म्हणजे भावना दोन्हीकडे आहे. पण चित्रं नीट बघा. राणी हातातल्या पेल्याकडे टक लावून बसलीय आणि त्या पेल्याला झाकण आहे. माया उदंड, पण आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही. दुसऱ्या पत्त्यातला तरुण हाताची घडी घालून झाडाखाली बसलाय. ढगातून एक हात त्याच्यापुढे पेला धरतोय, त्याकडे त्याचं लक्षच नाही. प्रेम आटल्यापेक्षा मन कंटाळून आत वळल्याची ही खूण.

मधल्या ओळीत तिचा ‘टेन ऑफ वाँड्स’ : दहा काठ्यांच्या भाऱ्याखाली वाकलेला माणूस. भारा त्याच्या तोंडासमोरच आलाय, त्यामुळे पुढचं काही दिसत नाही. ती देते ते आता ओझं झालंय. समोर ‘नाइट ऑफ पेंटॅकल्स’ : नांगरलेल्या शेतापाशी घोडा थांबवून उभा असलेला स्वार. चौघा स्वारांत हा सर्वांत संथ. गोड बोलणार नाही, पण बिलं भरेल, डॉक्टरकडे सोबत येईल. त्याचं देणं आहे. पण ते तिच्या हिशेबात प्रेमाच्या खात्यावर जमा होत नाही.

खरी तफावत खालच्या ओळीत दिसते. तिला हवाय ‘टू ऑफ कप्स’, समोरासमोर उभं राहून पेल्यांची देवाणघेवाण. त्याला हवाय ‘फोर ऑफ स्वोर्ड्स’, विसावा, एकांत. तो गप्प झाला की ती आणखी देते, आणि ती देत सुटली की तो आणखी आत जातो.

मध्ये ‘सिक्स ऑफ पेंटॅकल्स’. श्रीमंत माणूस गुडघे टेकलेल्यांना नाणी वाटतोय, आणि तराजूही त्याच्याच हातात आहे. हा पत्ता बघून घाईचा रीडर म्हणेल, ‘नवरा मोजूनमापून देतो.’ पण मधला पत्ता दोघांचा. इथे देणारी ती आहे आणि मोजणारीही तीच. म्हणून तिला विचारायचं, या दहा काठ्यांपैकी त्यानं मागितलेल्या किती?

म्हणजे नवऱ्याच्या बाजूनं सारवासारव करायची असं नाही. त्याच्या तिन्ही जागी कप्स नाही, पेंटॅकल्सही नाही, असं निघालं असतं तर ‘तो व्यक्त होत नाही इतकंच’ ही समजूत पत्त्यांच्या आधारानं घालता आली नसती. आणि घरात अपमान किंवा मारहाण असेल, तर विषय तोलाचा राहत नाही. पत्ते मिटून मदतीचं बोलायचं.

मर्यादाही स्पष्ट हवी. पिसलेले पत्ते योगायोगानं येतात; त्यांतून न आलेल्या माणसाचं मन कळतं, याला शास्त्रीय पुरावा नाही. उजवीकडचे पत्ते म्हणजे जोडीदाराची साक्ष नव्हे, त्याच्याबद्दलचे अंदाज तपासायची जागा आहे. उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा पिसणं, ‘आणखी एक काढा’ म्हणत राहणं, ही रीडिंग बिघडल्याची खूण. आणि त्याचं प्रेम वाढवण्याचा ‘उपाय’ पैसे घेऊन सांगणाऱ्याकडून सरळ उठावं.

चांगल्या रीडिंगमधून एकच प्रश्न घरी न्यायचा असतो. इथे तो असा : ‘मी जे करते, त्यातलं तुला खरंच काय हवंय?’ तो पत्त्यांना नाही, नवऱ्याला विचारा.