पंप किती वेळा सुरू व्हावा? सांडपाणी उपसा केंद्रातील विहिरीचे गणित

सखल भागातील वस्तीचे सांडपाणी उताराने शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचत नाही. ते आधी एका विहिरीत, म्हणजे वेट वेलमध्ये जमा होते आणि तेथून पंप ते वर ढकलतो. छोट्या केंद्रात पंप दिवसभर चालत नाही. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले की फ्लोट स्विच पंप सुरू करतो आणि खालच्या पातळीला उतरले की बंद करतो. या दोन पातळ्यांमध्ये मावणारे पाणी म्हणजे विहिरीचे उपयुक्त आकारमान. पंप एकदा सुरू झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंतचा काळ म्हणजे आवर्तनकाळ, आणि तो या आकारमानावर अवलंबून असतो.

आवर्तनकाळाला मर्यादा घालावी लागते ती मोटरमुळे. थेट स्टार्टरवर सुरू होणारी मोटर त्या क्षणी नेहमीच्या साधारण सहापट प्रवाह ओढते आणि तिची वाइंडिंग तापते. ती निवण्याआधीच पुढची सुरुवात झाली, तर उष्णता साठत जाऊन इन्सुलेशन खराब होते. म्हणून पंपाचा उत्पादक तासाला जास्तीत जास्त किती वेळा पंप सुरू करावा हे सांगतो. तासाला 6 वेळा ही मर्यादा धरली, तर आवर्तनकाळ 10 मिनिटांपेक्षा कमी होता कामा नये.

उदाहरणादाखल 4,000 लोकांची वस्ती घेऊ. दरडोई दररोज 135 लिटर पाणी वापरले जाते आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी होते असे धरल्यास दिवसाला 4,32,000 लिटर, म्हणजे मिनिटाला सरासरी 300 लिटर सांडपाणी येते. सकाळच्या गर्दीत ते तिपटीपर्यंत वाढू शकते, म्हणून पंप मिनिटाला 900 लिटर उपसणारा निवडला. एक पंप चालू आणि दुसरा राखीव, अशी मांडणी आहे.

पंप सर्वाधिक वेळा कधी सुरू होईल? रात्री पाणी कमी येते, त्यामुळे विहीर भरायला वेळ लागतो. सकाळी पाणी भरपूर येते, त्यामुळे ती रिकामी व्हायला वेळ लागतो. दोन्ही वेळी आवर्तन लांबते. ते सर्वात आखूड होते, ते येणारे पाणी पंपाच्या क्षमतेच्या बरोबर निम्मे असताना. त्या स्थितीवरून सूत्र मिळते:

V = T × q / 4

येथे V म्हणजे उपयुक्त आकारमान, T म्हणजे किमान आवर्तनकाळ आणि q म्हणजे पंपाची क्षमता. 10 गुणिले 900 भागिले 4, म्हणजे 2,250 लिटर. पडताळा सोपा आहे. मिनिटाला 450 लिटर पाणी येत असताना विहीर 5 मिनिटांत भरते. पंप 900 उपसतो, पण 450 येतच असतात, म्हणून रिकामी व्हायलाही 5 मिनिटे लागतात. मिनिटाला 100 लिटरच येत असतील, तर हेच आवर्तन सुमारे 25 मिनिटांचे होते.

विहिरीचा व्यास अडीच मीटर असेल, तर 2,250 लिटरसाठी दोन पातळ्यांत सुमारे 46 सेंटीमीटर अंतर लागते. वरची पातळी येणाऱ्या मलवाहिनीच्या तळाखाली असावी, नाहीतर पाणी वाहिनीत तुंबते आणि गाळ बसतो. खालच्या पातळीलाही पंपाचे तोंड पुरेसे बुडालेले असावे, नाहीतर तो हवा ओढतो. दोन्ही पंप आळीपाळीने चालवले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्या सुरुवाती येतात. पण एक पंप दुरुस्तीला गेल्यावर सगळा भार दुसऱ्यावर येतो, म्हणून त्या भरवशावर विहीर लहान करू नये.

विहीर फार मोठी करणेही घातक असते. साचलेल्या सांडपाण्यातला प्राणवायू संपला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो विषारी असतो आणि भिंतींवरच्या ओलाव्यात त्यापासून बनणारे सल्फ्युरिक आम्ल काँक्रीट खाते. म्हणून सरासरी प्रवाहाला सांडपाणी 30 मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, असा दंडक आहे. या उदाहरणात ती मर्यादा 9,000 लिटरची होते. खालच्या पातळीखाली कायम राहणारे पाणीही त्यातच मोजावे लागते.

चालू केंद्रात हे गणित बिघडते ते बहुधा तीन कारणांनी. पहिले, फ्लोट स्विच जवळजवळ बांधलेले असतात किंवा चिंध्यांत अडकतात. दुसरे, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो. मग पंप थांबताच चढत्या वाहिनीतले पाणी विहिरीत परत येते आणि पातळी येणाऱ्या प्रवाहाच्या मानाने फारच वेगाने चढते. तिसरे, जुन्या विहिरीत मोठा पंप बसवला जातो. वरच्या विहिरीत मिनिटाला 1,800 लिटरचा पंप टाकला, तर किमान आवर्तनकाळ 5 मिनिटांवर येतो आणि तासाला 12 सुरुवाती होऊ शकतात. तासभर घड्याळ लावून सुरुवाती मोजल्या की बिघाडाची शंका येते. पंप थांबल्यानंतरची पहिली काही मिनिटे पातळी पाहिली की दोष व्हॉल्व्हचा आहे की फ्लोटचा, हे बहुतेक वेळा कळते.